वहीतलं नाव जसंच्या तसं



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून हा ग्रंथ निघतोय. त्यात जुन्या वारकऱ्यांची यादी छापायची ठरलं. जुनी वही जीर्ण झाली, हाताळली तर पानं तुटत्यात, म्हणून पोरांनी मोबाईलवर पानापानाचा फोटो काढला आणि फोटो बघून नावं टाइप केली. मेहनत लई केली त्यांनी, त्यात खोट काढायची नाही. पण छापायच्या आधी ती यादी आमच्याकडं वाचायला आली, आणि त्यात काय काय सापडलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो. आजचा विषय एवढाच : जुन्या यादीतलं नाव ओळखीचं वाटलं नाही, तर त्याच्या जागी ओळखीचं नाव बसवायचं नाही.

माणसाची नजर अक्षरं वाचत नाही, शब्द ओळखते. पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर दिसलं की मधलं मनानं भरते. गोष्टीच्या पुस्तकात हे चालतं, कारण एखादा शब्द चुकला तर पुढचं वाक्य सांगतं की चुकलं. नावाच्या यादीत पुढचं वाक्यच नसतं. एका नावाखाली दुसरं नाव, त्याखाली तिसरं. चुकलेलं कोण सांगणार? आणि चुकून जे बसतं ते नाव दिसायला चांगलं असतं, शुद्ध असतं, म्हणून कुणाला संशयबी येत नाही. आम्ही चौथीपर्यंत शिकलेलो. आम्हाला अक्षराला अक्षर जोडूनच वाचावं लागतं. ह्या कामाला तीच रीत बरी पडली.

आधी सगळ्यांच्या ओळखीचं एक घर घेऊ, म्हणजे लक्षात येईल. नामदेवरायांचं घर. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई. चार मुलं : नारा, विठा, गोंदा, महादा. चार सुना : लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. मुलगी लिंबाई. आणि घरचीच म्हणावी अशी जनाबाई, जिचं जन्मगाव आपल्या परभणीकडचं गंगाखेड. आता समजा ही नावं आपल्याला माहीतच नाहीत, एका विटक्या कागदावर लिहिलेली आहेत आणि त्याचा फोटो आपल्या हातात आला. काय होईल बघा. नाराचा नारायण होईल, गोंदाचा गोविंद, महादाचा महादेव. आऊबाईच्या 'आ'ची रेघ पुसट झाली की 'जाऊबाई' होईल, म्हणजे बहिणीची जाऊ झाली! गोणाईची गोणी होईल. आणि लाडाईची? लाडाईची होईल 'लढाई'. नामदेवरायांच्या घरात लढाई, असं छापून येईल.

तुम्ही हसलात, कारण तुम्हाला लाडाई ठाऊक आहे. म्हणूनच ती चूक होत नाही. चोखोबांचा मेहुणा बंका, त्याला कुणी 'शंका' लिहीत नाही. परिसा भागवतांना कुणी 'परिसर भागवत' म्हणत नाही. तुकोबारायांचे टाळकरी संताजी जगनाडे, त्यांना आपण 'जगदाळे' करत नाही. ही नावं सातशे, चारशे वर्षं कीर्तनात रोज घेतली जातात, म्हणून सांभाळली गेली. आपल्या वहीतल्या माणसांची नावं मात्र कुणी कीर्तनात घेतलेली नाहीत. त्यांच्या बाजूनं बोलायला तेवढी एक ओळ आहे. ती ओळ बदलली की संपलं.

आता आपल्या वहीकडं येऊ. आम्ही ज्या पानाबद्दल बोलतोय त्याच्या डोक्यावर 'सन १३५० फसली' असं लिहिलेलं आहे. निजामाच्या राज्यात फसली सन चालायचा. त्यात ५९० मिळवले की इंग्रजी साल येतं, म्हणजे ते पान १९४०-४१ चं. टाइप करताना १३५० काही पटेना, म्हणून ते १९५० झालं होतं. नावाचं जे होतं तेच आकड्याचंबी झालं : जे पटलं नाही ते जवळच्या ओळखीच्या आकड्यानं बदललं.

त्या पानावर दिंडीच्या शिध्याची नोंद आहे. डाव्या हाताला नाव, उजव्या हाताला ज्वारी किती दिली ते, आणि तळाशी बेरीज. चार शेरांची एक पायली, हे जुन्या माणसांना सांगायला नको. टाइप झालेल्या यादीत आधी पुरुषांची नावं होती, मग मधेच एक ठळक मथळा, 'केवळ महिला', आणि त्याखाली चार बायांची नावं. दिसायला अगदी व्यवस्थित.

आम्हाला त्या मथळ्यानं अडवलं. पूर्ण पानावर दुसरा मथळा नाही. 'केवळ पुरुष' असं कुठं नाही. मग बायांचाच मथळा का? आणि त्या काळात गावातला लिहिणारा 'महिला' असं लिहील का? तो 'बाया' लिहील, 'बायका' लिहील. म्हणून मूळ फोटो मागवला. फोटोत मथळा नव्हताच. इतर ओळींसारखीच एक ओळ होती, त्याच अक्षरात, त्याच मापात : 'केवळबाई'. आणि तिच्यापुढं उजव्या हाताला आकडा होता, दोन शेर.

झालं होतं असं. टाइप करणाऱ्यानं 'केवळबाई' हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं. 'केवळ' हा शब्द ऐकलेला होता. म्हणून त्यानं मधे जागा सोडून 'केवळ बाई' लिहिलं. पुढं ज्यानं तपासलं त्याला वाटलं, हा मथळा असणार, खाली बायांचीच नावं आहेत की. त्यानं त्याचं 'केवळ महिला' केलं. मथळ्यापुढं दोन शेर कसे येतील, म्हणून तो आकडा काढून टाकला. दोघांनीबी आपापल्या परीनं सुधारणाच केली. आणि एक बाई, जिनं आपल्या घरातली दोन शेर ज्वारी दिंडीला दिली, ती यादीतून निघून गेली.

हे नाव आहे, मथळा नाही, हे कशावरून? तीन गोष्टींवरून. पहिली, मथळा ज्वारी देत नाही. ज्या ओळीपुढं माप आहे ती ओळ माणसाची. दुसरी, बेरीज. पानाच्या तळाशी साडेअठरा पायल्या लिहिल्यात. टाइप केलेल्या यादीची बेरीज अठरा पायल्याच येते. अर्धी पायली म्हणजे दोन शेर कमी पडतात, तेच केवळबाईचे. लिहिणाऱ्यानं तिला धरूनच बेरीज मारली होती. तिसरी, दुसरी वही. तुळशी घेऊन चालणाऱ्या बायांची एक वेगळी यादी आहे, तिच्यातबी 'केवळबाई' हे नाव आहे, एकाच शब्दात, मधे जागा न सोडता.

तिचं आडनाव वहीत नाही. गावात विचारलं, तिचं घर सांगणारं कुणी मिळालं नाही. म्हणजे 'आमच्या आजीचं नाव का गाळलं' म्हणून भांडायला नातू येणार नव्हता. ज्याचं घर नांदतंय त्याचं नाव चुकलं तर तो येऊन सांगतो, दुरुस्त होतं. जिचं कुणी उरलं नाही तिच्यासाठी मूळ पान हाच नातू. म्हणून सांगतो, टाइप केलेल्या यादीवरून यादी तपासू नका. दर वेळी मूळ पानाशी लावून तपासा, आणि आधी ओळी मोजा. वहीत जितक्या ओळी तितकीच नावं टाइपात आली पाहिजेत.

आता दुसरी रीत, ह्या चुकीच्या उलटी. एक ओळ होती, आडनाव टाइपात 'बडवे' असं आलं होतं. पंढरपूरच्या वाटेवरच्या माणसाला बडवे शब्द डोळे झाकून ओळखू येतो. पण आपल्या भागात बिडवे हे आडनाव आहे. दोघांत फरक एका वेलांटीचा. फोटोत ते अक्षर नेमकं कागदाच्या घडीवर आलेलं, वेलांटी दिसत नव्हती. आता काय करायचं? 'आपल्याकडं बिडवेच असणार' असं म्हणून बिडवे करायचं का? नाही. तेबी मनानंच भरणं झालं. बडवे धरला तोबी अंदाज, बिडवे धरला तोबी अंदाज.

मग आम्ही मूळ वहीचं ते पान अंगणात नेलं. सकाळचं ऊन, पण सरळ ऊन नको, सावलीतला उजेड. घडी हळूच सपाट केली आणि पान थोडं तिरपं धरलं. तिरप्या उजेडात टाकाच्या निबाची ओरखड कागदावर दिसते, शाई उडाली तरी. 'ब'च्या डोक्यावर वेलांटीचा फराटा निघाला. मग त्याच माणसाच्या हातची दुसरी 'बि' पानावर शोधली आणि दोन्ही ताडून पाहिल्या. वळण एकच. मग 'बिडवे' लिहिलं. आडनाव पुढं तेच निघालं, जे आपल्याला आधी वाटत होतं. पण वाटलं म्हणून लिहिणं वेगळं आणि दिसलं म्हणून लिहिणं वेगळं.

फोटो काढणाऱ्या पोरांना ह्यातून चार कामाच्या गोष्टी सांगतो. फ्लॅश मारू नका, शाई चकाकते आणि बारीक रेघा उडतात. पानाखाली कोरा पांढरा कागद सरकवा. का? कसरीनं पाडलेलं भोक खालच्या पानाच्या अंधारामुळं फोटोत काळं दिसतं, आणि ते अक्षराच्या डोक्यावर असलं की अनुस्वार वाटतो. खाली पांढरा कागद असला की भोक पांढरं दिसतं, शाई काळी दिसते. त्याच पानाच्या मागच्या बाजूचाबी फोटो घ्या, कारण मागची शाई फुटून पुढं येते आणि नसलेली मात्रा, नसलेलं टिंब दाखवते. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता पाठवला तर बारीक होतो, अक्षराच्या कडा विरघळतात. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. टाइप करताना मोबाईल वरच्या पट्टीत शब्द सुचवतो, ती पट्टी आधी बंद करा. 'संभा' लिहायला जावं आणि टिंब राहिलं की 'सभा' होतं. 'सभा' हा खरा शब्द असल्यामुळं कुणाच्या नजरेला टोचत नाही.

अक्षर कळत नसलं तर त्या लिहिणाऱ्याची बाराखडी करा. म्हणजे कसं? वहीतले जे शब्द नक्की माहीत आहेत, 'पंढरपूर', 'मुरुड', 'धोंडी', 'भगवान', त्यातली अक्षरं बघून ठेवा. हा माणूस 'ध' कसा काढतो, 'घ' कसा काढतो, त्याचा 'भ' आणि 'म' कुठं वेगळे पडतात, 'ख' लिहिला की 'रव' दिसतो का. मग अडलेलं अक्षर त्या बाराखडीला लावून बघा. आपल्या वहीतल्या एका लिहिणाऱ्याचा हात मोडीचा होता. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद पाळत नाहीत, म्हणून त्यानं बाळबोधीतबी सगळ्या वेलांट्या दीर्घच दिल्या आहेत. त्याची वेलांटी दीर्घ आहे म्हणून नाव वेगळं, असा अर्थ काढू नका. पण वेलांटी आहे की नाही, हे मात्र त्याच्या लिहिण्यातून नक्की कळतं.

आता गावाच्या नावाची एक गंमत. गंमत म्हणायची, पण शिकण्यासारखी. एका पावतीवर 'मुरुड, जिल्हा उस्मानाबाद' असं होतं. टाइप करणारा हुशार. त्याला माहीत, मुरुड तर लातूर जिल्ह्यात. उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, त्यात आहे ते मुरूम, उमरग्याकडचं. म्हणून त्यानं 'मुरूम, जिल्हा उस्मानाबाद' केलं. त्याची माहिती खरी, पण आजची. लातूर जिल्हा झाला १९८२ साली. त्याच्या आधीची पावती असली तर मुरुड उस्मानाबाद जिल्ह्यातच असणार. चूक अडाण्याचीच होते असं नाही, जाणत्याचीबी होते, आणि जाणत्यानं केलेली सापडायला अवघड. म्हणून जाणत्यानं आपलं ज्ञान ओळीच्या शेजारी लिहावं, ओळीवर लिहू नये.

शेवटचा भाग जरा नाजूक आहे. काही नावं वाचता येतात, संशय नाही, तरी लोक म्हणतात बदला. वहीत 'ग्यानबा' आहे, म्हणतात 'ज्ञानोबा' करा. 'निवर्ती' आहे, 'निवृत्ती' करा. 'धुरपता' आहे, 'द्रौपदी' करा. अशुद्ध कशाला छापायचं? पण माउली, त्याच वहीत त्याच हातानं एका जागी 'ज्ञानोबा' आहे आणि एका जागी 'ग्यानबा' आहे. लिहिणाऱ्याला दोन्ही येत होतं. त्यानं ज्याला गाव जे म्हणायचं ते लिहिलं. आपण दोघांना ज्ञानोबा केलं तर पुढचा तपासणारा म्हणेल, हे नाव दोनदा आलंय, एक काढा. दोन माणसं होती, एक उरेल.

एका घरचे आमच्याकडं आले. त्यांच्या पणजोबांचं नाव वहीत 'उकंडा' आहे. म्हणाले, महाराज, उकंडा म्हंजे उकिरडा, असं नाव ग्रंथात कसं छापायचं, पोरं हसतील, 'उत्तम' करा. त्यांचं म्हणणं आम्हाला कळतं. पण हे नाव कसं पडायचं ते बघा. ज्या आईची लेकरं जगत नव्हती, ती जगलेल्या लेकराचं नाव मुद्दाम दगडू ठेवायची, भिका ठेवायची, केरबा ठेवायची, उकंडा ठेवायची, म्हंजे दृष्ट लागणार नाही, यमालाबी वाटावं की हे टाकलेलंच आहे. उकंडा ह्या नावात त्या आईची आधी गेलेली लेकरं आहेत. 'उत्तम' केलं की ती सगळी गोष्ट पुसली. आम्ही त्या मंडळींना एवढं सांगितलं, आणि ठरलं ते असं : यादीत वहीप्रमाणं 'उकंडा' छापायचं, आणि घरात आज जे नाव चालतं ते शेजारी कंसात द्यायचं. घरच्यांनी मान्य केलं.

घरच्यांना विचारावं, जरूर विचारावं. पण घरचे सांगतील ते आजचं नाव असतं. शाळेत घालताना गुरुजींनी धोंडीचा धोंडिराम केला, कुणी आडनावाला गावावरून 'कर' लावलं, कुणी जुनं आडनाव सोडलं. नातवाला हे ठाऊकच नसतं. म्हणून घरचं सांगणं कंसात, वहीचं लिहिणं ओळीत.

आणि जे अक्षर काही केल्या लागत नाही, त्याच्या जागी टिंब द्यायचं. एका अक्षराला एक टिंब. सगळं नावच जात असेल तर तेवढी टिंबं आणि पुढं माप : दोन शेर, एक पायली, जे असेल ते. रिकामी जागा वाईट दिसते म्हणून काहीतरी बसवू नका. टिंब बघून उद्या कुणी म्हणेल, 'अहो, हे आमचं अमुक', आणि जागा भरेल. तिथं आपण 'मारुती' बसवून ठेवला तर तो माणूस मारुती वाचून पुढं जाईल, त्याला कळणारबी नाही की आपलं माणूस इथं दडलंय.

ह्या ग्रंथातल्या यादीत सगळं मिळून तीन नावं अशी टिंबांची राहिलीत. ती कुठं आहेत, कुठल्या सनाची आहेत, पुढं शिधा किती आहे, हे यादीतच दिसेल. त्या पानांचे फोटो मंदिरात लावायचं ठरलंय. ज्यांच्या घरी जुन्या पावत्या, जुन्या वह्या, देवघरातल्या पोथीत लिहिलेली नावं असतील, त्यांनी ती घेऊन यावीत आणि टिंबांना लावून बघावीत. मोठ्यानं वाचून बघा. जुनं नाव पुष्कळदा डोळ्याला लागत नाही, पण कानाला लागतं.

केवळबाईची ओळ आता तिच्या जागी आहे, नाव एका शब्दात आणि पुढं दोन शेर. बेरीज साडेअठरा पायल्या जुळते.

रामकृष्ण हरी.